मशीनवर शून्य, स्टीअरिंगला थरथर: एका डाव्या चाकाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२५

सकाळी आमच्या चाकं-टायरच्या दुकानात चादरीचे एक व्यापारी त्यांची सात सीटर गाडी घेऊन आले. दर आठवड्याला सोलापूर ते पुणे आणि परत असा त्यांचा प्रवास असतो. दोन महिन्यांपूर्वी चारही टायर नवे टाकले, माप २०५/६५ आर १६, चाकं कंपनीतूनच आलेली अलॉयची. तेव्हापासून तक्रार एकच. "काय ओ मेस्त्री, पंच्याऐंशीच्या पुढं गेलं की स्टेरिंग हलायलंय बगा. तीनदा बॅलन्सिंग केलो. मशीनवर शून्य दाखवतेत आन् गाडी हाय तशीच."

अशा गाड्या महिन्यातून एखादी येतेच. बहुतेक वेळा साध्या बॅलन्सिंगनेच, म्हणजे चाकाचा जड-हलका फरक छोटी वजनं लावून भरून काढण्यानेच काम होतं आणि मग खरं कारण कधी कळतच नाही. या वेळी शेवटपर्यंत मोजत जायचं आणि रोज लिहून ठेवायचं ठरवलं.

दुपारी ट्रायल घेतली. पुणे रोडला केगाव सोडलं आणि सावळेश्वर टोलनाक्याच्या अलीकडून वळलो. गाळप सुरू झाल्यामुळे संध्याकाळनंतर उसाच्या ट्रॉल्या रस्ता सोडत नाहीत, म्हणून ट्रायल उजेडातच उरकायची. पहिले पंधरा किलोमीटर काहीच नोंदलं नाही. गाडी चार दिवस एका जागी उभी होती, आणि उभ्या गाडीचा टायर खाली किंचित चपटा होतो. तो गरम होऊन गोल होईपर्यंतची थरथर खोटी समजायची.

वेग फोनच्या जीपीएसवर पाहिला, कारण गाडीचा काटा थोडा जास्तच दाखवतो. ८५ पासून स्टीअरिंग थरथरायला लागलं, ९५ ला सगळ्यात जोरात, १०० ला किंचित कमी. १०० वर गाडी न्यूट्रलला टाकली तरी थरथर तशीच राहिली, म्हणजे इंजिनाचा संबंध नाही. फोन कप्प्यात घट्ट बसवून कंपन मोजणारं अॅप लावलं, त्यात १०० च्या वेगाला टोक साडेतेरा हर्ट्झवर आलं. या मापाचा टायर एका फेरीत साधारण २.०५ मीटर जातो. १०० च्या वेगाला गाडी सेकंदाला २७.८ मीटर जाते, म्हणजे चाकाच्या सेकंदाला साडेतेरा फेऱ्या. आकडा तंतोतंत जुळला. प्रत्येक फेरीला एक धक्का बसतोय. प्रॉपेलर शाफ्टचा दोष असता तर तो चाकापेक्षा तीन-चार पट वेगाने फिरत असल्यामुळे हा आकडा चाळीस-पन्नासच्या घरात दिसला असता.

४ नोव्हेंबर

आज गाडीच्या आधी आमचं बॅलन्सिंग मशीन तपासलं. ज्या मशीनच्या शून्यावर भांडायचं, ते शून्य खरं आहे का हे आधी बघायला हवं.

रीत सोपी आहे. चाक शाफ्टवर लावायचं आणि वजनं टाकून शून्य करायचं. मग नट सैल करून चाक शाफ्टवरच अर्धा फेरा, म्हणजे १८० अंश फिरवून पुन्हा घट्ट करायचं आणि परत मोजायचं. चाक दोन्ही वेळा शाफ्टच्या मधोमध बसलं असेल तर शून्याच्या आसपासच दिसतं. आमच्याकडे दुसऱ्यांदा २० ग्रॅम आले.

याचा हिशोब मनात पक्का ठेवण्यासारखा आहे. हे चाक टायरसकट साधारण २० किलोचं. ते शाफ्टच्या मध्यापासून फक्त ०.१ मिलिमीटर बाजूला बसलं, तर रिमच्या कडेशी १० ग्रॅमचा खोटा असमतोल दिसतो. मशीन तो खरा मानून भरून काढतं. अर्धा फेरा फिरवल्यावर तीच चूक उलट्या बाजूला जाते, म्हणून फरक दुप्पट, २० ग्रॅम. ०.१ मिलिमीटर म्हणजे वहीच्या कागदाची जाडी. मधल्या भोकावर साचलेला ब्रेकचा चिकट काळा थर तेवढा असतोच.

चाक शाफ्टच्या मधोमध धरणारा शंकू माझा पोरगा घाईत बाहेरच्या बाजूने लावत होता. अलॉयचं मधलं भोक बाहेरून झाकण बसवण्यासाठी कापलेलं असतं, नेमकी मापाची कड आतल्या बाजूला असते, जी गाडीच्या हबवर, म्हणजे चाक ज्या भागाला आवळतात त्यावर बसते. शंकू आतून, स्प्रिंगवर लावला, बाहेरून पसरट कप लावला, भोक तारेच्या ब्रशने घासलं. तीच चाचणी परत केली तर फरक ५ ग्रॅमच्या आत आला. आता शून्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

मग चारही चाकांची जुनी वजनं काढून टाकली. पुढच्या डाव्या चाकावर ठोकून बसवलेलं २० ग्रॅमचं वजन स्टीलच्या चाकाच्या क्लिपचं होतं. अलॉयची कड जाड असते. तिच्यावर ती क्लिप दोन टोकांवर टेकली होती आणि मधे पोकळ राहिली होती, बोटाने सरकली. चिकटवलेल्या वजनांपैकी दोन जुन्या टेपच्या उरलेल्या थरावर बसवलेली होती. सगळं स्वच्छ करून, मशीनचं ५ ग्रॅमला पूर्णांक करणं बंद करून, प्रत्येक ग्रॅम बघत चारही चाकं बॅलन्स केली. हबचे चेहरे घासून घेतले, नट टॉर्क पान्याने चांदणीच्या क्रमाने आवळले.

ट्रायल: थरथर निम्म्याने कमी. पण ९५ ला अजून आहे.

६ नोव्हेंबर

काल दुसरं काम होतं. आज आधी पुढचं डावं चाक मागे उजवीकडे टाकलं आणि मागचं पुढे आणलं. स्टीअरिंग शांत, पण आता मधल्या सीटवर बसलेल्या पोराच्या मांडीखाली थरथर. चाक जिथे गेलं तिथे खोड गेली. सस्पेन्शन, रॅक, बॉलजॉइंट यांच्यावर संशय घ्यायचं कारण संपलं. दोन चाकं बदलण्याचं हे वीस मिनिटांचं काम आधीच्या तिन्ही वेळी कुणीच केलं नव्हतं.

मग ते चाक गाडीच्या हबवरच ठेवून डायल गेज, म्हणजे मिलिमीटरचे बारीक भाग दाखवणारं सुईचं माप लावलं. टायरच्या मधल्या पट्ट्यावर एका फेरीत सुई १.१ मिलिमीटर वर-खाली झाली. टायर उतरवून रिम मोजली. दोन्ही बाजूंना टायरची बीड, म्हणजे रिमवर बसणारी कड, जिथे टेकते तिथे सुई फिरवून दोन्हीची सरासरी घेतली तर वर-खाली फरक ०.४ मिलिमीटर. रिमची सगळ्यात खोल जागा, म्हणजे मध्याच्या सगळ्यात जवळचा भाग जिथे येतो तिथे आतून मार्करने खूण केली. व्हॉल्व्हपासून ती बरीच लांब निघाली.

अलॉयसाठी ०.४ मिलिमीटर हा दोष म्हणता येणार नाही, वापरात असलेल्या बऱ्याच चांगल्या चाकांत इतकं सापडतं. मलाही आधी हा आकडा क्षुल्लक वाटला. रात्री जेवताना डोक्यात हिशोब आला. हवा भरलेला कारचा टायर म्हणजे साधारण दर मिलिमीटरला २० किलो लागणारी स्प्रिंग. रिम ०.४ मिलिमीटर वर आली तर टायर तितका जास्त दाबला जातो, म्हणजे एका फेरीत ८ किलोचा चढउतार फक्त रिममुळे. तोही रस्ता आरशासारखा गुळगुळीत असताना.

७ नोव्हेंबर

गाडीच्या मालकांना दुकानात बसवून समजावलं, कारण पुढचा खर्च त्यांच्या संमतीनेच करायचा होता.

बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक हवेत फिरतं. त्याच्या खाली रस्ता नसतो, वर गाडीचं ओझं नसतं. ते मशीन एकच गोष्ट सांगतं: चाकाचं वजन मध्याभोवती सारखं वाटलेलं आहे का. ते उत्तर आमच्याकडे आता बरोबर आहे. पण टायर म्हणजे मध्यापासून बाहेर जाणाऱ्या शेकडो स्प्रिंगांचा गोल. कुठे पट्टे एकमेकांवर थोडे जास्त चढलेले असतात, कुठे रबर जाड असतं, तिथली स्प्रिंग कडक. ती जागा रस्त्याला टेकली की गाडी वर ढकलली जाते, मऊ जागा आली की खाली बसते. हवेत फिरताना ही कडक जागा कुणाला दिसणार? डायल गेजलाही ती दिसेलच असं नाही. टायर अगदी गोल असूनही एका जागी कडक असू शकतो.

मालकांनी बरोबर प्रश्न विचारला. "मग तितकं वजन उलट्या बाजूला लावा की. कडक जागेला तोडीस तोड."

कागदावर करून दाखवलं. रिमच्या कडेला १० ग्रॅम वजन १०० च्या वेगाला साधारण दीड किलोच्या जोराने बाहेर ओढतं. एकदा वर, एकदा खाली, म्हणजे फेरीत ३ किलोचा चढउतार. समजा टायरचा चढउतार १८ किलोचा आहे. मग १०० च्या वेगाला तो मारायला ६० ग्रॅम लागतील. पण वजनाची ओढ वेगाच्या वर्गाने बदलते. ५० च्या वेगाला तेच १० ग्रॅम पाऊण किलोचाही चढउतार देत नाहीत, पाव भागच उरतो. टायरची कडक जागा मात्र ५० ला असो की १०० ला, जवळजवळ तितकीच ढकलते. म्हणजे ५० ला तिला मारायला २४० ग्रॅम हवेत. एकाच वेगाला जमेल, बाकी सगळ्या वेगांना बिघडेल.

आणि दुसरी अडचण त्याहून मोठी. रस्ता टायरला मुख्यतः वर ढकलतो. वजन मात्र फिरता फिरता वर ओढतं, पुढे ओढतं, खाली ओढतं, मागे ओढतं. वरखालीचा धक्का त्याने मारला तरी पुढे-मागे नवीन धक्का तयार होतो, आणि स्टीअरिंगला तोच आधी कळतो.

"मग पन्नासला का हलत न्हाई?" हा पुढचा प्रश्न. धक्का पन्नासलाही आहे, पण तेव्हा तो सेकंदाला पावणेसात वेळा बसतो. चाक आणि एक्सल आपल्या स्प्रिंगवर आपोआप उड्या मारायला लागतात ते साधारण दहा ते पंधरा वेळांच्या पट्ट्यात. या गाडीचं ८५ ते १०० नेमकं त्या पट्ट्यात बसतं. झोका ज्या तालाला झुलतो त्याच तालाला ढकलला की तो चढत जातो, तसंच हे.

मालक म्हणाले, मंगळवारी पुण्याला जायचंच आहे, तुम्हीही चला.

११ नोव्हेंबर, पुणे

रोड फोर्स मोजणारं मशीन पुण्यात एका ठिकाणी आहे. बाहेरून ते बॅलन्सिंग मशीनसारखंच दिसतं, फरक म्हणजे एक जाड रोलर. तो चालत्या गाडीचं ओझं असावं तसा पाचशे किलोहून जास्त जोराने टायरवर दाबला जातो, चाक सावकाश फिरतं आणि प्रत्येक अंशाला रोलरवर किती जोर आला ते नोंदलं जातं. नंतर रिमचा बीड टेकण्याचा भाग वेगळा मोजला जातो, आत आणि बाहेर. त्यामुळे दोषात टायरचा वाटा किती आणि रिमचा किती हे सुटं सुटं कळतं.

अडीचशे किलोमीटर चालून आल्याने टायर गरम होते, चपटेपणा पूर्ण गेलेला. हे बरं झालं. फक्त हवा गरम होऊन ३७ पौंड झाली होती. ती मोजणीसाठी कंपनीच्या तक्त्याप्रमाणे ३३ केली, कारण हवा जास्त तर टायर कडक, आणि चारही चाकं एकाच हवेवर मोजली नाहीत तर आकड्यांची तुलनाच होत नाही.

फेरीत एकदा येणाऱ्या धक्क्याचे आकडे, चाकांच्या मूळ जागांप्रमाणे, असे निघाले. पुढचं उजवं ९ किलो, मागचं डावं ७, मागचं उजवं ११. आणि आपलं पुढचं डावं १९. मशीनवर या प्रकारच्या गाडीसाठी १२ ची मर्यादा लावलेली होती. तीन चाकं आत, एक बरंच बाहेर.

त्या चाकाचे दोन वाटे: टायर १३, रिम ८. रिमचा ८ बघून बरं वाटलं, ०.४ मिलिमीटरवरून घरी काढलेला आकडा तोच होता. पण १३ आणि ८ मिळून २१ व्हायला हवेत, १९ कसे? कारण हे दोन धक्के एकाच जागी नाहीत. दोन बाण मध्यापासून निघतात, एक १३ लांबीचा, एक ८ चा, त्यांच्यात काही अंशांचं अंतर आहे. दोन्हीची बेरीज १९ यायची तर ते अंतर ५२ अंशांचं असावं लागतं, आणि पडद्यावरही साधारण तेवढंच होतं. म्हणजे टायरची कडक जागा आणि रिमची उंच जागा जवळजवळ शेजारी शेजारी बसल्या होत्या. दोघी वेगळ्या वेगळ्या निभावल्या असत्या, एकत्र येऊन त्यांनी गाडी हलवली.

उपाय इथेच दिसतो. टायर रिमवर १२८ अंश फिरवला की कडक जागा रिमच्या बरोबर समोरच्या, म्हणजे खोल जागेवर येते. बाण एकमेकांच्या विरुद्ध, १३ वजा ८, उरले ५. यालाच मॅच माउंटिंग म्हणतात. यात एकही ग्रॅम वजन लागत नाही.

ही युक्ती कुठवर चालते तेही याच वजाबाकीत आहे. टायर २४ चा आणि रिम ४ ची असती तर कितीही फिरवा, २० च्या खाली येणार नव्हतं. तेव्हा टायर बदलण्याशिवाय इलाज नाही. उलट रिम १८ ची आणि टायर ५ चा असेल तर दोष चाकाचा, टायर बदलून पैसे वाया. त्यामुळे वाटे सुटे न मोजता "टायर खराब आहे" असं ठामपणे सांगणं मला पटत नाही.

टायर सोडला, बीडला लावायचं साबणाचं मलम दोन्ही बाजूंना नीट फिरवलं, फिरवून बसवला, दोन्ही बाजूंचा ठक असा आवाज येईपर्यंत हवा भरली आणि मग ३३ ला आणली. टायरच्या बाजूला बीडजवळ एक बारीक गोल रेघ असते. ती रिमच्या कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का ते बघितलं. बीड एका जागी अर्धवट बसली असेल तर तिथेही कडक जागा तयार होते आणि फिरवण्याची सगळी मेहनत फुकट जाते. परत मोजलं: ७ किलो. गणिताने ५ सांगितले होते, प्रत्यक्ष ७ मिळाले. बीड पुन्हा बसताना एवढा फरक पडतोच, यावर मी समाधानी आहे.

एक गोष्ट मनाला लागली. टायरवर पिवळा ठिपका होता आणि तो पहिल्यापासून व्हॉल्व्हसमोर लावलेला होता. पिवळा ठिपका म्हणजे टायरची हलकी जागा. व्हॉल्व्हपाशी रिम जड असते म्हणून तो तिथे लावतात, त्याने वजन कमी लागतं. धक्क्याशी त्याचा संबंध नाही. कडक किंवा उंच जागेसाठी लाल ठिपका असतो आणि तो रिमच्या खोल जागेसमोर लावायचा असतो, दोन्ही ठिपके असले तर लालचा मान आधी. या टायरवर लाल नव्हताच. मी वीस वर्षं पिवळा ठिपका व्हॉल्व्हसमोर लावून बरोबर काम केल्याचं समाधान मानत आलो. कितीतरी गाड्यांमध्ये तेवढ्याने भागतं, पण या गाडीत त्यानेच दोन दोष एकत्र आणून ठेवले.

फिरवल्यानंतर टायरची हलकी जागाही फिरली, त्यामुळे वजनं नव्याने लागली. आधी आत २५ आणि बाहेर ३५ होती, आता आत ३० आणि बाहेर ५०. मालक लगेच म्हणाले, "वजनं तर वाढली की ओ! हे कसलं सुधारणं?" त्यांची शंका रास्त आहे, गिऱ्हाईक वजनांच्या लांबीवरून काम जोखतं. पण वजन म्हणजे भरून काढलेला असमतोल, तो पूर्ण भरला की संपला, ६० ग्रॅम असो की ८०. धक्का वेगळा हिशोब आहे आणि तो १९ वरून ७ झालाय.

चाकं लावताना ७ आणि ९ वाली पुढे ठेवली. दुसरं ७ चं चाक आणि ११ चं मागे.

टायर आणि रिम दोन्हींवर एकसमोर एक अशी खडूची रेघ मारून घेतली. बीडचं मलम ओलं असताना जोराचा ब्रेक मारला तर टायर रिमवर सरकू शकतो. रेघ तुटली तर लगेच कळेल. मालकांना येताना सबुरीने ब्रेक मारायला सांगितलं.

परतीला टेंभुर्णी ते मोहोळ ९५ वर चालवली. स्टीअरिंगवर दोन बोटं ठेवून बसलो होतो. हात शांत.

१२ नोव्हेंबर

सकाळी रेघ बघितली, जागच्या जागी आहे. आमच्या मशीनवर पुन्हा मोजलं, शिल्लक ३ ग्रॅम.

आता वजनं कायमची बसवायची. पुण्यात ती घाईने लावली होती. या चाकाच्या आतल्या कडेला क्लिपचं वजन बसतं, बाहेरच्या कडेला मालकांना काही दिसायला नको. तेव्हा आत ठोकायचं आणि बाहेरच्या बाजूसाठी आरांच्या मागे चिकटवायचं, अशी विभागणी केली. दोन्ही वजनं आतून चिकटवली असती तर काम दिसायला स्वच्छ झालं असतं, पण तोटा आहे. चाक डुलत असेल तर ते सावरायला दोन वजनांमधलं अंतर कामाला येतं. कडा ते कडा हे अंतर समजा १८ सेंटीमीटर आहे. दोन्ही पट्ट्या आरांच्या मागेच लावल्या तर ते ९ उरतं आणि तितक्याच कामाला दुप्पट वजन लागतं. शिवाय चिकटवायची जागा कडेपेक्षा मध्याच्या जवळ असते, त्यानेही वजन थोडं वाढतं.

क्लिपची निवड डोळ्याने करायची नाही. कडेचा आकार बघायची पत्र्याची पट्टी असते, ती कडेवर बसवून जुळणारी क्लिप घ्यायची. क्लिपच्या प्रकारांना एमसी, एडब्ल्यू, एफएन अशी अक्षरं असतात. बसल्यावर क्लिप पूर्ण लांबीने कडेला टेकली पाहिजे आणि वजनाचं पोट रिमला लागलं पाहिजे. काढलेली क्लिप परत वापरायची नाही, तिचा ताण गेलेला असतो. अलॉयवर रंग चढवलेलीच घेतो, उघडं लोखंड आणि अॅल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की कड खायला लागते.

चिकटवायच्या पट्ट्या आमच्याकडे आता लोखंडाच्या आहेत. युरोपात कारच्या चाकावरचं शिसं २००५ पासून बंद आहे, आपल्या बाजारात अजून दोन्ही मिळतं. शिसं मऊ असल्याने रिमच्या गोलाईला आपसूक वळतं. लोखंड हलकं पडतं, त्याच वजनाला जवळजवळ दीडपट जागा घेतं. म्हणून ५० ग्रॅमची पट्टी लावण्याआधी चाक हबवर हाताने फिरवून ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना ते पाहिलं. पुरेशी फट आहे. बाहेरचे ५० दोन आरांच्या मागे ३० आणि २० असे वाटून लावले.

२२ नोव्हेंबर

मालकांचा फोन. "मेस्त्री, परत थोडं हलायलंय. पैल्यासारखं न्हाई, पण हाय."

२३ नोव्हेंबर

गाडी आली तशी आधी खडूची रेघ बघितली. जुळलेली आहे, टायर सरकलेला नाही. मग आत टॉर्च मारली. २० ग्रॅमची पट्टी गायब, जागेवर काळा टेपही नाही, नुसता राखाडी चौकोन.

टेप पट्टीबरोबर निघून गेला म्हणजे तो रिमला धरलाच नव्हता. टेप रिमवर राहून लोखंड सुटलं असतं तर पट्टीचा दर्जा वाईट म्हणता आला असता. बोट फिरवलं तर ब्रेकची भुकटी. दुसऱ्या आरामागची जागा पोराने कोरड्या फडक्याने पुसून पट्टी लावली होती. ३० ची मी लावली, २० ची त्याने, आणि मी तपासलं नाही. ही चूक दुकानाची, म्हणजे माझी. वर, त्याच संध्याकाळी गाडी धुवायला जोराच्या पाण्याखाली गेली होती, आणि निदान तीन दिवस धुऊ नका हे मी सांगायला विसरलो होतो. टेपची पूर्ण पकड यायला साधारण तीन दिवस लागतात.

२० ग्रॅम म्हणजे १०० ला ६ किलोचा चढउतार. टायरचे उरलेले ७ आहेतच. मालकांना जाणवलं यात नवल नाही.

जागा आधी साबणपाण्याने धुतली, वाळवली, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने फडकं काळं येईनासं होईपर्यंत पुसली. पेट्रोलने पुसायची सवय आमच्याकडे सगळ्यांना आहे. ते तेलकट थर मागे सोडतं, म्हणून बंद केलं. नवी पट्टी, टेपला बोट न लावता बसवली, मधून दोन्ही टोकांकडे अंगठ्याने जोरात दाबत गेलो. बाकी तीन चाकांच्या पट्ट्याही नखाने उचलून बघितल्या. एक सुटली, ती बदलली. पोराला जवळ बसवून दोन पट्ट्या त्याच्याच हाताने लावून घेतल्या.

२० डिसेंबर

चार आठवडे आणि पुण्याच्या चार फेऱ्या झाल्या. आज पुन्हा सावळेश्वरपर्यंत तीच ट्रायल, तोच फोन, त्याच कप्प्यात. साडेतेरा हर्ट्झवरचं टोक ३ नोव्हेंबरच्या एक पंचमांशाहून खाली. ९५ ला स्टीअरिंग स्थिर. वजनं सगळी जागेवर, खडूची रेघ पुसट झाली पण जुळलेली.

रिमच्या आत, खोल जागेपाशी, ऑइल पेंटने कायमचा ठिपका करून ठेवला. पुढचा टायर कुणीही बसवो, लाल ठिपका असेल तर तो कुठे आणायचा हे त्याला दिसेल. बाकी तीन रिम्सचे खोल ठिपके पुढच्या सर्व्हिसला टायर उतरतील तेव्हा डायल गेजने काढायचे आहेत.